पंचचा फोटो काढून ठेव

अमेरिकेत तासावर काम करतोस, तर येता-जाता हजेरीच्या मशीनवर वेळ पंच केल्यावर स्क्रीनचा फोटो काढत जा. तिथे पाव तासाचं राउंडिंग चालतं: 8:53 ला आलास तरी 9:00 धरतात, 5:07 ला निघालास तर 5:00. रोज 14 मिनिटं, पाच दिवसांत 70! फेडरल नियमानुसार राउंडिंग दोन्ही बाजूंनी सारखं पडायला हवं. कायम मालकाच्याच फायद्याचं चालत नाही.

बऱ्याच ठिकाणी लंचची 30 मिनिटं पगारातून आपोआप कापतात. घास हातात धरून गिऱ्हाईक सांभाळलंस, तर ती वेळ पगाराची. माझी अशीच कापली जायची. मी तारीखवार वेळा लिहून मॅनेजरला ईमेल केला, तोंडी बोललो नाही. पुढच्या चेकात पैसे आले. आणि हो, पाच ते वीस मिनिटांचा चहाचा ब्रेक कापता येत नाही.