हातांचे रंग जुळवायचा तास: माझ्या रोजनिशीतलं एक पान

प्रश्न: वर्गात मुलांच्या हातांचे रंग शेजारी ठेवून बघायचा उपक्रम कुणी घेतलाय का? गोरं-काळं चिडवणं सुरू होईल अशी भीती वाटते. कसा घ्यावा?

उत्तर: मी दोनदा घेतला आहे. पहिल्यांदा चुकला, आणि चूक माझीच होती.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत पाचवीला शिकवते. पहिल्या वर्षी मुलांना हात पुढे करायला लावले आणि उजळ ते गडद असं रांगेत उभं केलं. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मुलीनं हात फ्रॉकच्या खिशात घातला. मागून कुणीतरी ‘कप्पु’ म्हणालं. कानडीत कप्पु म्हणजे काळा, आणि आमच्याकडच्या मराठी पोरांना चिडवायला कानडी शब्द आधी सापडतात. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. ज्यानं चिडवलं त्याला मी रागावले, पण रांग तर मीच लावली होती.

यंदा मी रांग लावलीच नाही. ‘आपल्या हाताशी जुळणारा दुसरा हात शोधा’ एवढंच काम दिलं. त्या संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं ते इथे देते, मुलांची नावं बदलून.

*आज हजर 26. परवा चित्रकलेच्या तासाला सुहासनं शेजारणीकडे ‘स्किन कलर’चा खडू मागितला होता. तिनं फिकट गुलाबी खडू दिला, त्यानं तो हाताला लावून बघितला आणि परत केला. तिथून आजचा तास सुचला.*

*प्रत्येक बाकावर चार बुचं: लाल, पिवळा, निळा, पांढरा. पोस्टर कलर पाण्यात सारखेच पातळ केलेले. काळा रंग मुद्दाम दिला नाही. प्रत्येकाला हाताएवढं कार्डशीट, मधोमध पंचिंग मशीननं पाडलेलं एक भोक. भोकाभोवती आपला रंग लावायचा, वाळू द्यायचा आणि कार्ड हाताच्या मागच्या बाजूवर ठेवायचं. भोक दिसेनासं झालं की रंग जुळला.*

*पहिली दहा मिनिटं सगळ्यांचा रंग विटकरीसारखा. निळ्याचा एक थेंब पडला की तो मातीकडे वळतो, हे रुक्मिणीला आधी कळलं. तिचे वडील कुंभार आहेत, भिजलेली आणि वाळलेली माती ती रोज बघते. ‘बाई, ओल्यावर ठरवू नका, वाळल्यावर बदलतो,’ असं तिनंच सगळ्यांना सांगितलं. तिचं मिश्रण: पिवळे 6 थेंब, लाल 4, निळे 2, पांढरे 3. तिसऱ्या खेपेला भोक गेलं. तिनं कार्ड उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं.*

*मग कार्डं घेऊन सगळे एकमेकांच्या हातांवर. 26 जणांच्या 325 जोड्या होतात, तेवढ्या कुणी ताडल्या नाहीत. जवळची वाटली तेवढीच ताडली. प्रत्येक वेळी भोक पुसट का होईना, दिसलंच. शेवटी सगळ्यांनी जुळ्या भावांना पुढे ओढलं. त्यांचा चेहरा मलाही ओळखू येत नाही. पण एक सकाळी बापाबरोबर शेतात जातो, दुसरा दुकानात बसतो. शेतात जाणाऱ्याचं कार्ड दुसऱ्याच्या हातावर गडद दिसलं. वर्ग गप्प.*

*एवढ्यात सुहासनं आपलं कार्ड स्वतःच्याच दंडाच्या आतल्या बाजूवर ठेवलं. ‘बाई, माझं मलाच जुळंना!’ मग सगळ्यांच्या बाह्या वर. तळहात वेगळा, मनगट वेगळं, घड्याळाच्या पट्ट्याखालचं आणखी वेगळं.*

*नावं ठेवायला सांगितली. गोरा, काळा, सावळा हे शब्द आजच्यापुरते बंद. आलेली नावं: भाजलेला शेंगदाणा, नवा गूळ, नाचणीची भाकरी, ओली कौलं, चहात बुडवलेला पाव. कुंदा दोघांनी मागितला. भांडण झालं. मग एक ‘ताजा कुंदा’ आणि एक ‘कढईच्या तळाचा कुंदा’ असं ठरलं. तळाचा मिळाला तो जास्त खूश, खरपूस तोच चांगला लागतो म्हणाला.*

रोजनिशी इथे संपते. आता तुमच्या कामाचं.

काळा रंग देऊ नका, याचं कारण आधी रंगाचं आहे. पिवळ्यात काळा पडला की तो हिरवट, मेल्यासारखा दिसतो आणि हाताशी जुळतच नाही. शिवाय काळा न घालताही सगळ्यात गडद हात रंगवता आला, हे वर्गाच्या डोळ्यांसमोर होतं. सगळी 26 कार्डं त्याच चार बुचांतून निघाली, फरक फक्त थेंबांचा.

त्वचेतही जवळपास तसंच असतं, म्हणून विज्ञान त्याच दिवशी सांगून टाकलं. मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी सगळ्यांच्या त्वचेत साधारण सारख्याच संख्येनं असतात. त्या किती रंगद्रव्य करतात, कोणत्या प्रकारचं करतात आणि त्याचे कण केवढे असतात, यावर छटा ठरते. आईवडिलांकडून येणारे बरेच जनुक त्यात मिसळतात, वरून ऊन भर घालतं. तळव्यांची कातडी जाड असते आणि तिथे हे रंगद्रव्य कमी असतं, म्हणून तळहात सगळ्यांचेच फिके.

फसगत होते ती उजेडामुळे आणि रक्तामुळे. आमच्या वर्गाची एक भिंत पोपटी आहे. तिच्याजवळ बसलेल्यांची कार्डं दाराशी आणल्यावर चुकली, सगळ्यांना व्हरांड्यात सावलीत आणून पुन्हा ताडावं लागलं. खेळून आलेल्या मुलाचा लोंबता हात लालसर असतो, तोच बाकावर पाच मिनिटं टेकवला की उतरतो. कार्ड दाबून धरलं तर खालची कातडी पांढरी पडते, म्हणून ते नुसतं टेकवायचं.

थेंबांचे आकडे मी कार्डांच्या मागे लिहायला लावले होते, त्यांपैकी दोघींचे अगदी सारखे निघाले. तरी एकीचं कार्ड दुसरीच्या हातावर जुळेना. थेंब लहानमोठे पडतात, आणि शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन रंगांतला फरक डोळा फार बारीक टिपतो. ‘कुणाचंच जुळलं नाही’ हे या नजरेपुरतं, या उजेडातलं खरं आहे. मुलांना मी तेवढंच सांगितलं. जगात कुणाचंच कुणाशी जुळत नाही, असं म्हणाले नाही.

चिडवणं थांबलं का? त्या तासाला कुणी चिडवलं नाही. पुढच्या आठवड्यात मैदानावर एकदा ‘कप्पु’ ऐकू आलंच. ज्याला म्हटलं तो मुलगा थांबला आणि म्हणाला, ‘कुठलं? दंडाचं का मनगटाचं?’ म्हणणाऱ्याला उत्तर सुचलं नाही, खेळ पुढे सुरू झाला.

कार्डं फेकू नका. मी ती बुटांच्या खोक्यात ठेवली होती. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तीच मुलं सहावीत आली होती, त्यांना खोकं दिलं. दोन महिने आंब्याच्या झाडांवर आणि नदीवर काढलेले हात. जवळजवळ सगळ्यांच्या कार्डातलं भोक आता ठळक, गडद दिसत होतं. रुक्मिणीनं बुचं मागितली, पांढऱ्याचा एक थेंब कमी केला, निळ्याचा एक वाढवला, आणि जुन्या आकड्यांखाली नवे आकडे लिहिले.