अप्पांच्या सत्तरीला मुलाचं भाषण, हसवायचं आणि आभारपण मानायचे, कसं जमवू?

प्रश्न: "पुढच्या महिन्यात वडिलांची सत्तरी आहे, सोलापुरातच हॉलवर कार्यक्रम ठेवलाय, शंभर-दीडशे माणूस येईल. मुलगा म्हणून मला पाच मिनिटं बोलायचंय. थोडं हसवावं आणि मनापासून आभारपण मानावेत असं वाटतंय, पण वडील तापट आहेत, चारचौघांत चेष्टा चालेल का? सुरुवात कुठून करू?"

उत्तर:

चालेल की, पण चेष्टा कशाची करताय त्यावर सगळं आहे. मी सोलापुरात असल्या घरगुती कार्यक्रमांचं सूत्रसंचालन बऱ्याच वर्षांपासून करतोय, साठी, सत्तरी, सहस्रचंद्रदर्शन सगळं बघितलंय, आणि मुलांची भाषणं बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. पहिली तीन मिनिटं विनोद, मग एकदम आवाज बदलून "पण मित्रांनो, माझे वडील म्हणजे माझं दैवत" आणि मग रडारड. दोन वेगळी भाषणं एकाला एक चिकटवल्यासारखं होतं. हसणाऱ्या माणसाला कळतच नाही की आता गंभीर कधी व्हायचं.

माझं म्हणणं एवढंच, की वडिलांची एकच सवय घ्या, आणि ज्या सवयीवर हसवलंत तिच्यातूनच आभार काढा. म्हणजे सांधा दिसत नाही.

एका भाषणाचंच सांगतो, मी स्वतः बसून त्या मुलाकडून लिहून घेतलं होतं. त्याचे वडील आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर, चादरीच्या कारखान्यात. मुलगा पहिल्यांदा जे लिहून घेऊन आला त्यात कष्ट, त्याग, संस्कार, वटवृक्ष सगळं होतं, फक्त त्याचे वडील नव्हते. मी म्हटलं हे सगळं ठेव बाजूला, अप्पांची कुठली गोष्ट घरात सगळ्यात जास्त बोलली जाते ते सांग. तर म्हणाला, आवाज. अप्पा हळू बोलूच शकत नाहीत.

झालं, तिथूनच धरलं. भाषणाची सुरुवात त्याने अशी केली: "अप्पा मला पुण्याला फोन करतात. फोन कशाला करतात मला कळत नाही, आवाज मोहोळपर्यंत तर असाच येतोय." हॉल पहिल्याच वाक्याला हसला, कारण तिथं बसलेल्या प्रत्येकाने तो आवाज ऐकलेला होता. मग दुसरं, "दहावीचा माझा निकाल मी कुणालाच सांगितला नाही. अप्पांनी आईला घरात सांगितला, गल्लीला आपोआप कळला." अप्पा स्वतः मान हलवून हसायला लागले.

आणि मग आवाज न बदलता, त्याच ओघात: "हा आवाज आमच्या घरातला नाहीये, लूमच्या शेडमधला आहे. तिथं शेजारच्या माणसाला सांगायचं तरी ओरडावं लागतं नाहीतर खूण करावी लागते. बारा बारा तास अप्पा त्या खडखडाटात उभे असायचे. पण मी दहावीला होतो त्या वर्षी रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे ना, तेव्हा दारातच चप्पल काढून हातात घ्यायचे. कडी वाजू नये म्हणून दार बोटाने धरून लावायचे. मी रात्री जागून झोपलेला असायचो म्हणून. अप्पा, मी जागा असायचो बऱ्याचदा. मी बघितलंय."

बस. यात आभार हा शब्द कुठेच नाही आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मी माणसं डोळे पुसत होती. चप्पल हातात घेतलेला माणूस दिसतो, त्याग दिसत नाही. तुम्हाला असाच एक प्रसंग शोधायचाय, आणि तो बहुतेक आईकडे किंवा आत्याकडे सापडतो. "अप्पा कसे होते" असं विचारू नका, कुणीही चांगलेच होते म्हणेल. "अप्पा कशावरून चिडायचे" असं विचारा, गोष्टी धडाधड बाहेर येतात. पाणी यायच्या दिवशी घर डोक्यावर घेणं, हिशोबाची वही, गड्ड्याच्या जत्रेला गेलो की एकच पाळणा बसू देणं, सोलापूरच्या बापांकडे असलं भरपूर असतं.

आता तापटपणाचं. सवयीवर हसायचं, अडचणीवर नाही. वरच्याच उदाहरणात आवाज मोठा आहे हे चालतं, पण त्या अप्पांना आता कमी ऐकू येतं, त्यावर एक जोक मुलाने लिहिला होता तो मी काढायला लावला. तब्येत, पैसा, जुनी उधारी, सुटलेलं व्यसन, भावकीतली भांडणं यातलं काही नको. ओळखायची सोपी खूण म्हणजे, ती गोष्ट अप्पा स्वतः मित्रांना हसत सांगतात का? सांगत असतील तर तुम्हीपण सांगा. शिवाय आईला आधी ऐकवा. आई हसून वर अजून एक किस्सा जोडत असेल तर पक्कं, आणि "असू दे रे, ते नको" म्हणाली तर का म्हणून वाद न घालता काढून टाका. आईवरचे नवरा-बायको छाप फॉरवर्ड जोकपण नकोच, तिचा दिवसपण तोच आहे.

लांबी सांगतो. पाच मिनिटांसाठी साडेचारशे शब्द पुरतात, कारण हशा-टाळ्यांत वेळ जातो. घरी उभं राहून मोठ्याने वाचा आणि मोबाईलवर वेळ लावा, मनात वाचलं तर अंदाज चुकतो. पाहुण्यांच्या आभाराची यादी सूत्रसंचालकाकडे द्या, तुमच्या भाषणात घेऊ नका, एक मामा राहिला तरी वर्षभर ऐकावं लागतं. तुमच्याकडे भैमरथी शांती सकाळी असेल तर भाषण औक्षण झाल्या झाल्या ठेवा. ताटं वाढायला घेतल्यावर कुणाचं ऐकून घ्यायची मनःस्थिती नसते, मग भाषण कितीही चांगलं असू द्या.

अजून एक, हॉलचे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे स्टेजवर बसलेल्या माणसाला नीट ऐकू येत नाही. ज्याच्यासाठी भाषण त्यालाच कळत नाही असं खूपदा होतं. खुर्ची अशी लावा की अप्पांना तुमचा चेहरा दिसेल, आणि शेवटचा भाग लोकांकडे नाही, त्यांच्याकडे वळून थेट "अप्पा, तुम्ही" असं बोला. आणि अप्पांचं एखादं वाक्य सांगायचं असेल तर ते जसं बोलतात तसंच सांगा, "काय बे, जेवलास का" ला "जेवलास का बाळा" करू नका. पाहुण्यांत तेलुगू-कानडी मंडळी असतील तर त्यांच्यासाठी जोक परत समजावत बसू नका, प्रसंग साधा असला की सगळ्यांना पोचतो.

आवाज भरून येणार, तो येऊ द्या. पण ते वाक्य शेवटचं ठेवू नका. त्याच्यानंतर एक साधं काम ठेवा, म्हणजे "आई, तूपण इकडे ये" असं म्हणून तिला अप्पांच्या शेजारी बसवायचं. तेवढ्यात श्वास जागेवर येतो, मग दोघांना नमस्कार करायचा आणि माईक खाली ठेवायचा. त्या मुलाने तसंच केलं. माईक खाली ठेवला तर अप्पांनी तो उचलला आणि म्हणाले, "मला माहीत होतं तू जागा असायचास." तुमचे वडीलपण माईक मागतील, तर त्यांच्यासाठी दोन मिनिटं मोकळी ठेवायला सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा.