तिथीने तेरा, तारखेने अजून बाकी

"आई, माझा वाढदिवस २० सप्टेंबरला असतो, मग आजीने मला २८ ऑगस्टलाच का ओवाळलं? आणि २० तारखेला पुन्हा ओवाळणार म्हणते!"

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

सोलापुरात तुझा जन्म झाला तो दिवस २० सप्टेंबर २०१२, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषिपंचमी. त्या दिवशी आजीकडे बैलाच्या कष्टाचे काही न घेता आळू, लाल माठ, पडवळ आणि मक्याच्या कणसांची ऋषीची भाजी शिजत होती, त्यामुळे तिला तुझी तिथी कधीच शोधावी लागली नाही. भाजी आली की नात आठवते. औक्षणाच्या ताटात निरांजन, सुपारी आणि अंगठी घेऊन ती तुला बसवते, तो तुझा तिथीचा वाढदिवस.

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते, म्हणून तिथी इंग्रजी तारखेच्या मानाने दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे येते. २०२४ मध्ये ऋषिपंचमी ८ सप्टेंबरला होती, यंदा, २०२५ मध्ये, ती २८ ऑगस्टला आली. अशीच ती मागे सरकत राहिली असती, तर काही वर्षांनी तुझा वाढदिवस उन्हाळ्यात आला असता. म्हणून साधारण तीन वर्षांत एकदा अधिक महिना येतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने तुझी ऋषिपंचमी एकदम पुढे, १५ सप्टेंबरला जाईल. २०२३ मध्ये मात्र तिथी आणि तारीख दोन्ही २० सप्टेंबरलाच आल्या होत्या, आणि एकाच औक्षणावर भागल्याबद्दल तू रुसली होतीस! आपल्या सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा अशी मागेपुढे होत नाही, कारण ती सूर्याच्या संक्रांतीशी बांधलेली आहे.

शाळेचा आणि आधारचा कागद तारीखच मानतो. २८ ऑगस्टला कोणत्याही अर्जावर तुझे वय तेरा पूर्ण लिहिता आले नसते. म्हणून मोठ्यांना सांगताना "तिथीने पंचमीला झाला, तारखेने २० ला आहे" असे दोन्ही सांगावे, म्हणजे आधी शुभेच्छा देणारा चुकला असे कोणाला वाटत नाही आणि नंतर देणाऱ्याला उशीर झाल्यासारखे वाटत नाही. कोणती तिथी धरायची, हा प्रश्न पडला तर सोलापूरच्या सूर्योदयाला पंचांगात जी तिथी असेल ती धर. मी इकडे मस्कतला असले तरी तीच धरते.

आजीचे मात्र उलटे आहे. तिच्या दाखल्यावर १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना तारीख कोणाला माहीत नव्हती आणि गुरुजींनी सोयीची लिहून टाकली. घरात ठाऊक आहे ते एवढेच, की आषाढी एकादशीचा उपास सोडायच्या दिवशी ती जन्मली. १ जूनला तिला बँकेचा शुभेच्छासंदेश येतो आणि ती हसते. तू द्वादशीला सकाळी तिच्या पाया पड.

तुझी,
आई