पाच पायऱ्यांचा गोलू: रॅक, कापड आणि थीम

प्रश्न: चेन्नईत सासरी पहिल्यांदाच गोलू, म्हणजे नवरात्रातली पायऱ्यांवरची बाहुल्यांची आरास, मांडतेय, पाच पायऱ्या हलू नयेत, कापड नीट बसावं आणि थीम लगेच कळावी यासाठी काय करू?

उत्तर: नटबोल्टवाला लोखंडी अँगलचा रॅक घ्या, पायरी १० इंच उंच, १२ इंच खोल, मागची बाजू भिंतीला टेकवून. सगळ्यात वर पाण्याचा भरलेला ग्लास ठेवून खालची पायरी हाताने दाबा, पाणी हललं तर पायाखाली पुठ्ठा सरकवा आणि बोल्ट परत आवळा, हे बाहुल्या मांडायच्या आधीच हं.

कापडाचा हिशोब सोपा आहे, एका पायरीला १०+१२ म्हणजे २२ इंच, पाचांना ११०, पण प्रत्येक आतल्या कोपऱ्यात २ इंच ढील दाबून बसवायची म्हणून १० फूट धरा. ताणून लावलं तर कोपऱ्यात कापड अधांतरी राहतं आणि मागच्या मातीच्या बाहुल्या पुढे कलतात. वरून सुरू करा, कडेखाली डबल साइड टेप. पांढरी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, सगळ्यात छान, जरीच्या भडक साडीवर बाहुल्या दिसतच नाहीत.

वर कलश आणि मरप्पाची म्हणजे लाकडी नवरा-बायको बाहुल्यांची जोडी, तळाला किराणावाल्या चेट्टियारची बाहुली, हे ठरलेलंच. थीम मात्र एकाच पायरीवर, नजरेच्या उंचीला: समजा दशावतार, मत्स्यापासून डावीकडून ओळीत, मध्ये दुसरं काही घुसवायचं नाही. उरलेल्या बाहुल्या खाली जमिनीवर छोट्या बागेचा देखावा करून त्यात खपवा!