‘यंदा भरपूर वाचायचं’ या संकल्पाचं मोजता येईल असं ध्येय

प्रश्न: दरवर्षी ‘यंदा भरपूर वाचायचं’ असं ठरवतो आणि मार्चपर्यंत सगळं थंडावतं. याचं नीट ध्येय कसं करू?

आधी दोन आठवडे काहीही न बदलता नुसती नोंद ठेवा. मी ठेवली तेव्हा १४ दिवसांत ७० पानं निघाली, म्हणजे महिन्याला साधारण १५०. हा आकडा हातात नसताना ठरवलेलं ध्येय अंदाजपंचे असतं. मी २५० पानं धरली, वर्षाला ३,०००. पुस्तकं मोजायचं मुद्दाम टाळलं. एका वर्षी ती मोजली होती, तेव्हा जाड पुस्तक हातात घेऊन परत ठेवायचो आणि पातळ उचलायचो.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा मिनिटं बसून दोन आकडे लिहायचे: वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण पानं आणि त्या महिन्यात किती दिवस वाचायला बसलो. दुसरा आकडा फार कामाचा आहे. तो नसेल तर मागे पडल्याचं कळतं, पण का ते कळत नाही.

माझं असं झालं: जानेवारी २७०, फेब्रुवारी २४०, मार्च ९०, एप्रिल ४०. एकूण ६४०, हवी होती १,०००. एप्रिलमध्ये बसलो तीनच दिवस, पण बसलो तेव्हा तेरा-चौदा पानं सहज झाली होती. म्हणजे वेग ठीक होता, बसणंच होत नव्हतं. मार्चपासून काम रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि माझी वाचायची वेळ नेमकी रात्रीची होती.

पर्यायी योजना मी जानेवारीतच लिहून ठेवली होती. ती तेव्हाच लिहावी, कारण मागे पडल्यावर माणूस एक तर सगळं सोडून देतो, नाहीतर ‘पुढच्या महिन्यात दुप्पट वाचतो’ म्हणतो. माझी अट होती: एका महिन्याच्या वाट्यापेक्षा, म्हणजे २५० पानांपेक्षा जास्त मागे पडलो, तर ध्येय २,००० वर आणायचं आणि वाचायची वेळ बदलायची. २,००० का? जुन्या सवयीनेच वाचत राहिलो असतो तरी वर्षाला १,८०० झाली असती. पर्याय त्याच्या खाली गेला तर संकल्पाला काही अर्थच उरत नाही.

एप्रिलअखेर ३६० पानं मागे होतो, म्हणून अट लागू झाली. ३,००० वरच अडून बसलो असतो तर उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा २९५ पानं लागली असती आणि माझा सगळ्यात चांगला महिना २७० चा होता. २,००० साठी १७० पुरत होती. वाचन सकाळी उठल्या उठल्या, फोन हातात घेण्याआधी ठेवलं. मेमध्ये १७ दिवस बसलो, २१० पानं झाली.

एक मर्यादा सांगतो. कविता किंवा अवघड वैचारिक पुस्तक वाचणार असाल तर पानांचा हिशेब चालत नाही, तिथे मिनिटं मोजा. बाकी रीत हीच.