सैन्यातली वर्षं सिव्हिल पेन्शनला धरतात का?

प्रश्न: सैन्यात १५ वर्षं केली, तिकडची पेन्शन चालू आहे. २००२ला केंद्राच्या नोकरीत लागलो, आता २४ वर्षं पूर्ण करून निवृत्त होतोय. ती १५ वर्षं जोडून मिळतील का?

उत्तर: १९७२च्या पेन्शन नियमांतल्या नियम १९ प्रमाणे वयाच्या १८ वर्षांनंतरची सैन्यसेवा जोडता येत होती, पण रुजू झाल्यावर ठरलेल्या मुदतीत तसा लेखी विकल्प द्यावा लागायचा. दिला नसेल, तर तुम्ही सैन्याची पेन्शनच ठेवली असं धरतात. सर्व्हिस बुकात नोंद आहे का ते बघा.

नसेल तर हळहळू नका. विकल्प दिला असता, तर सैन्याची पेन्शन कायमची बंद झाली असती, शिवाय ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनची रक्कम परत करावी लागली असती. त्या बदल्यात काय मिळालं असतं? २००६पासून दहा वर्षं सेवा झाली की पेन्शन पगाराच्या निम्मी मिळतेच, जास्त वर्षांनी ती वाढत नाही. वाढते फक्त ग्रॅच्युइटी: दर सहामाहीला पाव पगार, कमाल साडेसोळा पगार. तुमच्या २४ वर्षांचे १२ पगार होतात. १५ वर्षं जोडूनही साडेसोळाच. म्हणजे साडेचार पगारांसाठी आयुष्यभराची पेन्शन सोडायची, हा सरळ तोट्याचा व्यवहार.

१ जानेवारी २००४ला किंवा नंतर लागलेल्यांना एनपीएस असल्यामुळे हा नियम सहसा लागूच होत नाही.