उणे २० अंशांत अंगालगत काय घालायचं?

प्रश्न: मी नाशिकचा, जानेवारीत शिकायला कॅनडात विनिपेगला चाललोय. कपडे एकावर एक कसे घालू? इथून काय नेऊ?

उत्तर: सगळा खेळ अंगालगतच्या थराचा आहे, आणि नेमकं तिथेच आपण सुती बनियन घालतो. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. बसस्टॉपपर्यंत भराभर चाललास की पाठ घामेजते. मग बसची वाट बघत उभा राहिलास की तोच ओलावा अंगातली ऊब खेचून घेतो आणि जाड जॅकेटातही हुडहुडी भरते. म्हणून आत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, अंगाला बेताचं चिकटणारं थर्मल घाल. दोन-तीन जोड इथूनच घे, पण लेबल वाचून. बाजारात सुती थर्मलंही भरपूर असतात. त्यावर फ्लीसचा मऊ, उबदार स्वेटर, तोही पुढे चेनचा, कारण वर्गात हीटर असतो आणि तो पटकन काढता यायला हवा. वरचं वारा अडवणारं जॅकेट तिथेच घे. निफाडच्या थंडीला पुरणारं तिथे पुरायचं नाही. उतरल्यावर खोलीपर्यंत जाण्यापुरतं जाड काहीतरी, टोपी आणि हातमोजे मात्र हँडबॅगेत ठेव.

बाहेर पडताना किंचित गार वाटलं तर थर बरोबर आहेत. चालताना गरम व्हायला लागलं तर घाम फुटायच्या आधीच चेन उघड. आणि बुटात दोन मोजे कोंबू नकोस, आवळलेले पाय जास्त गारठतात.